साप्टिंगळा आणि जेवलात का

मयूर विहारच्या एका मराठी वाचकाने पत्रातून विचारले आहे: शेजारच्या तमीळ आजी जिन्यात भेटल्या की ‘साप्टिंगळा?’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘जेवलात का?’ असा आहे हे कळले, आणि दोन्ही शब्दांची घडणही सारखीच वाटते. मग मराठी क्रियापदांचे प्रत्यय तमिळमधून आले का?

प्रश्न फार सुरेख आहे. घडण सारखी आहे, हे वाचकाने अचूक हेरले. उत्तरासाठी मात्र दोन्ही शब्द सुटे करावे लागतील.

‘जेवलात’मध्ये ‘जेव’ हा धातू, ‘ल’ ही भूतकाळाची खूण आणि शेवटचा ‘त’ ही ‘तुम्ही’ची खूण. प्रश्नासाठी ‘का’ वेगळा जोडला. आजींच्या बोलण्यातला शब्द लेखी तमिळमध्ये ‘साप्पिट्टीर्गळा’ असा येतो. ‘साप्पिडु’ म्हणजे खाणे. त्यातला ‘ड’ भूतकाळात दुप्पट होऊन ‘ट्ट’ झाला, पुढे ‘ईर्गळ’ म्हणजे तुम्ही आणि शेवटी प्रश्नार्थक ‘आ’. आधी धातू, मग काळ, मग माणूस, मग प्रश्न. रेल्वेगाडीत इंजिनामागे डबे लागावेत आणि शेवटी गार्डाचा डबा यावा, तसा हा क्रम पक्का असतो. जिन्यातल्या हिंदी शेजाऱ्यांच्या ‘आपने खाया?’ मधल्या ‘खाया’त ‘आप’ची खूण नाही. मराठी आणि तमीळ शब्दांत ‘तुम्ही’ची खूण आहे, म्हणून ‘जेवलात का?’ आणि ‘साप्टिंगळा?’ कर्त्याचे नाव न घेता चालतात. नुसते ‘खाया?’ म्हटले, तर कोणी खाल्ले ते प्रसंगावरून ओळखावे लागते.

तमीळ शिकणाऱ्या मराठी माणसाला आनंद देणारी गोष्ट पुढे आहे. ‘पेसु’ म्हणजे बोलणे. ‘मी बोलतो’ म्हणजे ‘पेसुगिरेन’, ‘मी बोललो’ म्हणजे ‘पेसिनेन’, ‘मी बोलेन’ म्हणजे ‘पेसुवेन’. मधला डबा बदलला, शेवटचा ‘एन’ तिन्ही काळांत तोच राहिला. ‘तू’साठी तसाच ‘आय’ आणि ‘आम्ही’साठी ‘ओम’. मराठीत ‘बोलतो, बोललो, बोलेन’ यांतली ‘मी’ची खूण भविष्यकाळात पार बदलते. तमिळमधले खरे अवघडपण मधल्या डब्यात आहे, कारण काळाची खूण धातूच्या वर्गाप्रमाणे बदलते. ‘पेसु’ला भूतकाळात ‘इन’ लागतो, तर ‘पडि’ (वाचणे, शिकणे) याला ‘त्त’ लागतो.

इथेच मराठी कान फसतो. ‘करतो, वाचतो’ यांतल्या ‘त’मुळे आपल्याला ‘त’ म्हणजे वर्तमान अशी सवय झालेली असते. त्यामुळे ‘पडित्तेन’ ऐकले की ते ‘मी शिकतो’ असावे असे वाटते. त्याचा अर्थ ‘मी शिकलो’ असा आहे. ‘मी शिकतो’ला ‘पडिक्किरेन’ म्हणावे लागते. मराठीचा ‘त’ संस्कृत-प्राकृतातल्या वर्तमानकालवाचक विशेषणातून आला आहे, ‘करंत’सारख्या रूपातून. तमीळ ‘त्त’चा त्याच्याशी काही संबंध नाही. नुसता ध्वनी जुळला म्हणून नाते सांगणाऱ्यांचे दावे मी याच कारणाने फार सावधपणे वाचते.

लिंगाचा कारभार तर पूर्णपणे वेगळा आहे. तमीळ पुरुष आणि स्त्री दोघेही ‘पेसुगिरेन’च म्हणतात, ‘बोलतो’ आणि ‘बोलते’ असा भेद तिथे नाही. लिंग उमटते ते फक्त तृतीय पुरुषात: ‘वंदान’ तो आला, ‘वंदाळ’ ती आली, ‘वंदार’ ते (आदरार्थी) आले, आणि माणसाखेरीज सगळ्यांना ‘वंददु’. कुत्रा असो वा बस, ‘वंददु’च. लहान मुलालाही (‘कुळंदै’) बहुधा ‘वंददु’ म्हणतात, आणि आपणही ‘मूल आलं’ म्हणतो! मराठीत वर्तमान आणि भूतकाळात लिंग डोकावते, कारण आपली ही क्रियापदे मुळात विशेषणे होती आणि विशेषणाला लिंग असते. तमीळ प्रत्यय मात्र सर्वनामांशी जुळतात: अवन–आन, अवळ–आळ, अवर–आर. ‘मी’ आणि ‘तू’ला लिंग नाही, म्हणून त्यांच्या प्रत्ययांनाही नाही.

आजींशी बोलताना एक अडचण येईल. बोलीत शेवटचा ‘न’ नाकात विरतो आणि ‘ळ’ गळून पडतो. ‘वंदान’चे ‘वंदाँ’ होते आणि ‘वंदाळ’चे ‘वंदा’. तो आला की ती आली, हे एवढ्या अनुनासिकावर ठरते. कान पुरेसा तयार नसेल, तर तोच शब्द प्रश्न करून विचारावा. पुढे ‘आ’ लागला की हरवलेले व्यंजन परत येते: ‘वंदाना?’ म्हणजे तो आला का, ‘वंदाळा?’ म्हणजे ती आली का. ‘साप्टिंगळा’मधला ‘ळ’ही असाच परतलेला आहे, साध्या विधानात आजी ‘साप्टिंग’ म्हणतील.

आता मूळ प्रश्नाकडे. मराठी प्रत्ययांचे ध्वनी संस्कृत-प्राकृताच्या घरचे आहेत. ‘तू आंबा खाल्लास’ हे वाक्य पाहा. ‘खाल्ला’ आंब्याशी जुळतो, आणि वर ‘स’ येऊन ‘तू’शी जुळतो. एकाच क्रियापदात दोन निष्ठा! तमिळमध्ये असे घडत नाही. तिथे क्रियापद कर्त्याशीच बांधलेले राहते. हा ‘स’ आपल्या संस्कृत ‘असि’, ‘करोषि’ यांच्या कुळातला आहे.

पण ध्वनी घरचे असले तरी भूतकालवाचक विशेषणावर माणसाची खूण चढवायची रीत तरी द्रविड शेजाऱ्यांकडून आली असेल का? हे तपासायला बंगालीकडे पाहावे. तिथे ‘खेलाम’ म्हणजे मी खाल्ले: आपलाच ‘ल’, त्यावर ‘मी’ची खूण. तमीळभूमीपासून इतक्या दूर असलेल्या भाषेनेही हेच केले आहे. त्यामुळे एवढ्या एका साम्यावरून तमीळ वारसा सिद्ध होत नाही.

या कामात एका माणसाची आठवण महाराष्ट्राने अधिक ठेवायला हवी. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढे 1946 साली द्रविड भाषांच्या व्याकरणावर पुस्तक लिहिले. मराठीचा आणि द्रविड भाषांचा असा दोन्हीकडून अभ्यास केलेले लोक आजही मोजकेच. या विषयावर बोलायला दोन्ही बाजूंचे व्याकरण एकाच डोक्यात असावे लागते, ही माझी ठाम समजूत ब्लोक यांच्यामुळे झाली.

शेजाराची खरी बळकट खूण मला प्रत्ययात दिसत नाही, ती सर्वनामात दिसते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद संस्कृतात नाही, हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही. तमिळमध्ये ‘नांगळ’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही आणि ‘नाम’ म्हणजे त्याला धरून आपण. आपला ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून आला, पण त्याला दिलेले हे काम द्रविड भाषांतल्यासारखे आहे. गुजरातीतही हा भेद आहे. गंमत अशी की क्रियापदात तो दोन्हीकडे उमटत नाही. ‘आम्ही जाऊ, आपण जाऊ’ यांत ‘जाऊ’ तेच, आणि तमिळमध्येही दोन्हींना ‘पोवोम’. म्हणून आजी देवळात जाण्याबद्दल नुसते ‘पोवोम’ म्हणाल्या, तर आमंत्रण आहे की माहिती, ते कळणार नाही. ‘नाम पोवोम’ म्हणाल्या तर चपला घालाव्यात. ‘नांगळ पोवोम’ म्हणाल्या तर फक्त त्यांच्या घरचे जाणार आहेत.