कापूस, कापसाचे आणि कापडाचे

एम्बेडिंग मॉडेल मजकुराचे आकड्यांत रूपांतर करते. वाक्य दिले की त्याच्या बदल्यात काही शे आकड्यांची एक रांग मिळते, आणि अर्थाने जवळची वाक्ये आकड्यांतही जवळ यावीत अशी अपेक्षा असते. ‘कापसाचे भाव’ असे शोधले की ‘कापूस’ हा शब्द असलेली बातमी सापडावी, ती याच भरवशावर. मात्र मॉडेलपर्यंत शब्द जसाच्या तसा पोहोचत नाही. त्याआधी टोकनायझर त्याचे तुकडे पाडतो, आणि हे तुकडे मराठी व्याकरणाच्या सांध्यांवर पडतीलच असे नाही.

तुकड्यांची यादी मॉडेल शिकवण्याआधीच ठरते. भरपूर मजकूर घेऊन त्यात कोणती अक्षरे वारंवार शेजारी येतात हे मोजले जाते. नेहमी एकत्र येणाऱ्यांचा एक तुकडा होतो, मग त्या तुकड्यांचे आणखी मोठे तुकडे होतात, आणि यादी ठरलेल्या आकाराची झाली की काम थांबते. ही कल्पना मुळात फिलिप गेज यांनी 1994 मध्ये माहिती कमी जागेत मावावी म्हणून मांडली होती. यंत्रभाषांतरात ती 2016 च्या सुमारास रुळली. पुढे हिशेबाच्या वेगवेगळ्या पद्धती आल्या, तरी सर्वांचा पाया वारंवारता हाच आहे. विभक्ती म्हणजे काय, हे यादीला कोणी सांगत नाही.

बहुभाषिक मॉडेलांत ही एकच यादी अनेक भाषांत वाटली जाते. 2018 मधल्या बहुभाषिक बर्टची यादी सुमारे 1 लाख 20 हजार तुकड्यांची आहे आणि तिच्यात 104 भाषा आहेत. पुढच्या वर्षीच्या एक्सएलएम-रॉबर्टाची यादी अडीच लाखांची, तर भाषा 100. देवनागरीच्या वाट्याला आलेल्या जागेत मराठी, हिंदी आणि नेपाळी शेजारी बसतात. त्यांत हिंदीचा मजकूर सर्वांत जास्त असल्याने हिंदीत वारंवार येणाऱ्या तुकड्यांना जागा सहज मिळते.

मराठीची खरी अडचण इथून सुरू होते. हिंदीत ‘कपास का’, ‘कपास को’, ‘कपास में’ असे लिहितात. मूळ शब्द बदलत नाही आणि प्रत्यय सुटा राहतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, आणि चिकटण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. कापूस या शब्दातल्या ‘पू’चा ऊकार जातो आणि ‘कापसा’ उरतो. मग कापसाला, कापसाचे, कापसाच्या, कापसासाठी, कापसापासून, कापसामुळेसुद्धा अशी रूपांची रांग लागते. यादीच्या दृष्टीने यातले प्रत्येक रूप वेगळी अक्षरमाळ आहे, आणि बहुतेक रूपे इतकी विरळ असतात की त्यांना अखंड तुकडा म्हणून जागा मिळत नाही.

बर्टच्या पद्धतीत शब्द डावीकडून तोडतात आणि दर वेळी यादीत सापडेल तो सर्वांत लांब तुकडा घेतात. समजा, एका छोट्या यादीत ‘कापूस’, ‘काप’, ‘##सा’, ‘##डा’, ‘##चे’ हे तुकडे आहेत. दोन चौकटचिन्हांचा अर्थ तुकडा शब्दाच्या सुरुवातीचा नाही. या यादीने तीन शब्द असे तुटतात:

```
कापूस     → कापूस
कापसाचे   → काप  ##सा  ##चे
कापडाचे   → काप  ##डा  ##चे
```

‘कापूस’ आणि ‘कापसाचे’ यांच्यात एकही तुकडा समान नाही. उलट ‘कापसाचे’ आणि ‘कापडाचे’ यांचे तीनपैकी दोन तुकडे एकच आहेत. यादी नमुन्यादाखल घेतली असली तरी घोटाळा खरा आहे, आणि देऊळ–देवळात, पाणी–पाण्याने, भाऊ–भावाला अशा प्रत्येक जोडीला तो गाठू शकतो.

एवढ्याने सगळे बिघडते असे मात्र नाही. प्रत्येक तुकड्याचे आकडे मॉडेलच्या अनेक थरांतून जातात आणि शेजारच्या तुकड्यांनुसार बदलतात. ‘काप’नंतर ‘सा’ आणि पुढे ‘भाव’, ‘क्विंटल’ आले की हा कापूस आहे, हे मॉडेल शिकू शकते. शेवटी सगळ्या तुकड्यांची सरासरी काढून किंवा सुरुवातीच्या खास खुणेचे आकडे घेऊन वाक्याची एक रांग तयार होते. पण हे शिकणे त्या रूपाशी किती वेळा गाठ पडली यावर ठरते. ‘घरात’ हजारो वेळा भेटते, ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ क्वचितच. म्हणून नेहमीच्या रूपांत मॉडेल चांगले चालते आणि लांब, विरळ रूपांत अंदाज चुकू लागतो.

तुकडे पाडण्याआधीच होणारे एक नुकसान याहून गंभीर आहे. बर्टच्या काही आवृत्त्या इंग्रजीतली मोठी अक्षरे लहान करतात आणि त्याच वेळी अक्षरांवरच्या खुणाही पुसतात. युरोपीय भाषांतल्या खुणांसाठी केलेली ही सोय देवनागरीतही लागू होते. युनिकोडच्या वर्गवारीत उकार, एक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे त्याच खुणांच्या गटात पडतात. काना आणि वेलांट्या वेगळ्या गटात असल्याने त्या वाचतात. परिणामी ‘पुणे’चे ‘पण’ होते, ‘शेत’चे ‘शत’ आणि ‘पूल’चे ‘पल’. पुढचे थर कितीही हुशार असले तरी गेलेला उकार परत येत नाही. मॉडेलच्या नावात uncased असेल, तर मराठीसाठी ते वापरण्याआधी हे तपासलेच पाहिजे.

तुकड्यांची संख्या वाढली की लांबीचाही प्रश्न येतो. मॉडेल एका वेळी ठरावीक तुकडेच घेते: अनेकांची मर्यादा 512 आहे, तर paraphrase-multilingual-MiniLM-L12-v2 या बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या मॉडेलची नेहमीची मर्यादा 128. एका मराठी शब्दाचे सरासरी अडीच तुकडे झाले, तर 128 मध्ये जेमतेम 50 शब्द मावतात. उरलेला परिच्छेद बहुधा कोणतीही चूक न दाखवता गळतो. हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे: परिच्छेदाचा शेवटचा भाग काढून पुन्हा आकडे मिळवावेत. ते जसेच्या तसे राहिले, तर तो भाग मॉडेलने वाचलाच नव्हता.

तुकडे स्वतः पाहायलाही तीन ओळी पुरतात:

```python
from transformers import AutoTokenizer
t = AutoTokenizer.from_pretrained("intfloat/multilingual-e5-base")
print(t.tokenize("कापसाच्या भावामुळे"))
```

आपल्याच मजकुरातले शंभरेक शब्द असे तपासून एकूण तुकड्यांना शब्दसंख्येने भागले की त्या मॉडेलला मराठी किती महाग पडते ते कळते. उत्तरात [UNK] दिसले, तर गोष्ट अधिक वाईट आहे: बर्टच्या पद्धतीत एखादा भाग यादीत न सापडल्यास अख्खा शब्दच अनोळखी ठरतो, आणि असे सगळे शब्द मॉडेलला एकसारखे दिसतात.

प्रत्यय आधीच नियमाने छाटावेत, हा उपाय सुचतो, पण तो जपून करावा लागतो. ‘ला’ छाटण्याचा नियम ‘कापसाला’वर चालतो, तोच ‘कला’चा ‘क’ करून टाकतो. शिवाय ‘कापसा’वरून ‘कापूस’ गाठायला शब्दकोश लागतोच. त्यापेक्षा भारतीय भाषांसाठी वेगळी यादी बनवलेले म्युरिल, किंवा पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने मराठी वाक्यांसाठी तयार केलेले महाएसबर्ट यांच्यापासून सुरुवात करावी. परिच्छेद मर्यादेत बसतील एवढे लहान करावेत आणि मूळ शब्दरूपांवर चालणारा साधा शब्दशोध जोडीला ठेवावा. मॉडेल निवडताना चाचणीच्या प्रश्नांत ‘कापूस’ असेल, तर ‘कापसापासून’ आणि ‘कापसामुळेसुद्धा’ हेही असू द्यावेत.