मैदानात पाणी का मुरत नाही?

पर्यावरणाचा तास बाहेर घ्यायचा म्हटलं की मुलांना झाडांची नावं सांगत आवारभर फिरवलं जातं. त्यापेक्षा एकच प्रश्न घेऊन बाहेर पडलेलं बरं: पावसाचं पाणी आवारात कुठे मुरतं आणि कुठे वाहून जातं?

त्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइपाचे वीतभर लांबीचे तुकडे पुरतात. पत्र्याचे डबे कापून वापरू नयेत, त्यांच्या कडा हात कापतात. एक जागा मैदानातली, रोज तुडवली जाणारी. दुसरी जुन्या झाडाखालची, जिथे पाला कुजतो. पाऊस उघडून आठवडा झाला की प्रयोग करावा. चिंब जमिनीत फरक नीट दिसत नाही.

आदल्या दिवशी शिक्षकांनी जागा पाहून यावी आणि तासाच्या सकाळी पुन्हा एकदा. फांद्यांवर आग्या मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचं घर दिसलं, तर ती जागा सोडायची. विटांचे ढीग आणि दाट गवत यांत साप, विंचू असू शकतात, म्हणून फक्कीने हद्द आखून मुलांना तिच्या आतच ठेवावं. बूट सगळ्यांनी घालावेत. पाला हाताने नव्हे, काठीने सारावा. कोणाला माशी चावल्याने श्वास लागतो का, हे पालकांना आधीच विचारून ठेवावं.

पाइपावर आडवी फळी ठेवून शिक्षकांनीच हातोडीने तो तीन-चार सेंटिमीटर ठोकावा. मग मुलांनी आत 400 मिलिलिटर पाणी हळू ओतायचं आणि ते दिसेनासं होईपर्यंत वेळ मोजायची. त्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा; उत्तर कळल्यावर सगळेच शहाणे होतात. पहिलं पाणी कोरडी माती चटकन पिते, म्हणून लगेच तेवढंच पाणी पुन्हा ओतून तीच वेळ धरावी. पाइपाच्या बाहेर ओल दिसली, तर पाणी कडेने निसटतंय. ते मोजमाप बाद. काळ्या मातीत भेगेवर पाइप बसला, तर पाणी भसकन जातं आणि मैदानच जिंकल्यासारखं वाटतं.

झाडाखाली बहुधा काही मिनिटांत काम होतं. मैदानात तास संपतो, पाणी तसंच. अशा वेळी ‘मुरलं नाही’ असं न लिहिता 30 मिनिटांनी किती सेंटिमीटर उरलं, ते पट्टीने मोजून लिहावं. ‘झाडाखालची माती चांगली’ हे निरीक्षण नव्हे, तो निष्कर्ष. ‘गांडुळाची विष्ठा दिसली, बोट सहज रुतलं’ हे निरीक्षण. तास संपला की हात साबणाने धुवायचे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडावेत. एखाद्या गटाचा आकडा वेगळा आला, तर तो पुसू नये. खरी चर्चा त्याच्यावरच होते. पाइप मुळाशेजारी होता का? मुंग्यांचं बीळ होतं का? मग प्रत्येकाने कालच्या अंदाजाखाली दोन ओळी लिहाव्यात: काय चुकलं, आणि पुन्हा मोजायचं झालं तर कुठे मोजशील? कोणी सायकल-स्टँडजवळ म्हणेल, कोणी नळाखाली. पाइप धुऊन ठेवलेलेच असतात. पुढच्या तासाला त्या जागा घ्याव्यात.