मोठा तक्ता, कमी खोळंबा

५१२ ओळी आणि ५१२ रकाने असलेल्या तक्त्यातल्या सगळ्या संख्यांची बेरीज करायची आहे. सी भाषेत हे काम चार ओळींत होतं:

```c
double a[512][512];
for (j = 0; j < 512; j++)
    for (i = 0; i < 512; i++)
        sum += a[i][j];
```

इथे एकेक रकाना वरून खाली वाचला जातो. प्रोसेसरच्या सगळ्यात जवळची, म्हणजे पहिल्या स्तरावरची कॅश ३२ किलोबाइटची आहे असं धरू. इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये अनेक वर्षं एवढीच डेटा कॅश होती. या प्रोग्रॅमला २,६२,१४४ संख्या वाचाव्या लागतात. कागदावर हिशेब मांडला, तर त्यातली एकही संख्या कॅशमध्ये सापडत नाही. प्रत्येक वाचन ‘मिस’!

आता तक्त्याच्या प्रत्येक ओळीला आठ बिनकामाचे रकाने जोडायचे, म्हणजे `double a[512][520];` असं लिहायचं. बेरीज मात्र आधीच्याच ५१२ रकान्यांची करायची. तक्ता वाढला, काम तेवढंच राहिलं आणि मिस उतरल्या ३२,७६८ वर, म्हणजे बरोबर एक अष्टमांश.

हे कसं घडतं ते कळायला कॅशची आतली मांडणी पाहावी लागते. मुख्य मेमरीतून कॅशमध्ये एकेक संख्या येत नाही, सलग ६४ बाइटचा एक ब्लॉक येतो. `double` प्रकारची संख्या आठ बाइटची, म्हणजे एका ब्लॉकबरोबर शेजारशेजारच्या आठ संख्या येतात. ३२ किलोबाइटमध्ये असे ५१२ ब्लॉक मावतात. पण आलेला ब्लॉक वाटेल तिथे बसत नाही. कॅशचे ६४ सेट असतात, प्रत्येक सेटमध्ये आठ जागा. कुठला ब्लॉक कुठल्या सेटमध्ये जाणार, हे त्याच्या मेमरीतल्या पत्त्यावरून आधीच ठरलेलं असतं. एका सेटमध्ये जितक्या जागा, तितकी त्या कॅशची असोसिएटिव्हिटी. ही कॅश ‘आठ-वे’.

आठ आसनांचे ६४ डबे असलेली गाडी डोळ्यांसमोर आणली तरी चालेल. तिकिटावर डबा छापलेला, डब्यात कुठेही बसायची मुभा. मेमरीत एकमेकांपासून बरोबर ४,०९६ बाइट अंतरावर असलेल्या पत्त्यांना नेमका एकच डबा मिळतो, कारण ६४ सेट गुणिले ६४ बाइट म्हणजे ४,०९६. आणि आपल्या तक्त्याची एक ओळ? ५१२ संख्या गुणिले आठ बाइट, म्हणजे ४,०९६ बाइट. एका रकान्यातल्या ५१२ संख्या ५१२ वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये आहेत आणि त्या सगळ्यांच्या तिकिटावर एकच डबा! आठ जण बसतात, नववा आल्यावर सगळ्यात जुन्याला उतरवलं जातं. उरलेले ६३ डबे रिकामे धावतात. पुढचा रकाना वाचायला सुरुवात होते तेव्हा पहिल्या ओळीचा ब्लॉक केव्हाच बाहेर गेलेला असतो.

आठ रकाने जोडल्यावर ओळ ४,१६० बाइटची होते, म्हणजे ६४ ऐवजी ६५ ब्लॉकची. त्या एका जादा ब्लॉकमुळे प्रत्येक पुढची ओळ शेजारच्या सेटमध्ये सरकते. ५१२ ब्लॉक ६४ सेटमध्ये आठ-आठ असे काठोकाठ बसतात. मग पहिल्या रकान्याच्या वेळी आणलेले ब्लॉक पुढच्या सात रकान्यांना आयते मिळतात.

मिस सगळ्या सारख्याच दिसतात. प्रोसेसरमधला मोजणीचा काउंटरही फक्त ‘मिस झाली’ एवढंच नोंदवतो. ती का झाली, हे ठरवण्याची पद्धत मार्क हिल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या १९८७ च्या प्रबंधात मांडली. मिसचे तीन प्रकार आज संगणक-रचनेच्या पाठ्यपुस्तकांत ‘थ्री सीज’ म्हणून शिकवले जातात: कम्पल्सरी, कपॅसिटी आणि कॉन्फ्लिक्ट. पद्धतीतली गंमत अशी की ती एकट्या प्रत्यक्ष कॅशकडे बघतच नाही. तेच वाचन तीन वेगवेगळ्या कॅशवर चालवून बघायचं, त्यातल्या दोन काल्पनिक, आणि उत्तरांची वजाबाकी करायची.

पहिली काल्पनिक कॅश अमर्याद मोठी. तिथेही होणारी मिस कम्पल्सरी: ब्लॉक पहिल्यांदाच मागितला गेला, तो आधी असणार कुठून? दुसरी कॅश खऱ्या कॅशएवढीच, पण तिच्यात डब्यांची भानगड नाही. कुठलाही ब्लॉक कुठेही बसतो आणि जागा हवी असेल तेव्हा सर्वांत जास्त वेळ न वापरलेला ब्लॉक निघतो. पहिल्या कॅशपेक्षा इथे जितक्या मिस जास्त होतील, त्या कपॅसिटीच्या, म्हणजे जागाच कमी पडल्याच्या. तिसरी म्हणजे खरी कॅश. तिच्यात आणखी वाढलेल्या मिस कॉन्फ्लिक्टच्या: जागा होती, पण ठरलेल्या सेटमध्ये नव्हती.

आपल्या तक्त्याला हे लावून पाहू. तक्ता दोन मेगाबाइटचा. तो ब्लॉकच्या सीमेवर सुरू होतो असं धरलं तर त्यात ३२,७६८ ब्लॉक आहेत, म्हणून कम्पल्सरी मिस तेवढ्याच. सेट नसलेल्या कॅशमध्ये रकान्याचे ५१२ ब्लॉक नेमके मावतात, म्हणून कपॅसिटीची मिस शून्य. खऱ्या कॅशमध्ये २,६२,१४४ मिस झाल्या. त्यातून ३२,७६८ वजा जाता उरलेल्या २,२९,३७६ मिस निव्वळ कॉन्फ्लिक्टच्या. ओळ थोडी लांब करण्याचा उपाय लागू पडला तो यामुळेच. निदान कॉन्फ्लिक्टचं होतं, म्हणून पत्ते विखुरणं हे औषध होतं.

मग ब्लॉकच मोठा केला तर? ॲपलच्या एम-१ प्रोसेसरमध्ये आणि आयबीएमच्या पॉवर मालिकेत १२८ बाइटचे ब्लॉक आहेतच. एका खेपेत आठऐवजी सोळा संख्या येतील, म्हणजे कम्पल्सरी मिस निम्म्या होऊन १६,३८४ वर येतील. तक्ता ओळीओळीने वाचला तर हा फायदा पुरेपूर पदरात पडतो. पण आपण रकान्यातून उतरतो आहोत. कॅश ३२ किलोबाइटचीच ठेवून ब्लॉक दुप्पट केला की ब्लॉकच्या जागा ५१२ वरून २५६ वर येतात आणि रकान्याला तर अजूनही ५१२ ब्लॉक हवेत. आता सेट नसलेल्या कॅशमध्येसुद्धा प्रत्येक वाचन मिस. म्हणजे २,४५,७६० मिस कपॅसिटीच्या खात्यात आल्या, जिथे आधी शून्य होतं! जादा रकाने जोडण्याची युक्तीही इथे हात टेकते. मोठ्या ब्लॉकचा सौदा असा आहे: शेजारची संख्या लवकरच लागणार असेल तर नफा, नाहीतर न लागणाऱ्या बाइटांनी कॅश भरते. शिवाय प्रत्येक मिसमागे दुप्पट बाइट वाहून आणावे लागतात ते वेगळंच.

असोसिएटिव्हिटी वाढवण्याचा परिणाम त्या मानाने सरळ आहे. कम्पल्सरी मिसवर तिचा काहीच परिणाम होत नाही, कारण पहिली भेट ती पहिलीच. कपॅसिटीवरही नाही, कारण व्याख्येतच असोसिएटिव्हिटी पूर्ण धरलेली आहे. घटते ती फक्त कॉन्फ्लिक्ट. पण ती किती घटेल याचा अंदाज चुकवणारी आपली केस आहे. आठऐवजी सोळा-वे कॅश घेतली तर सेट ३२ होतात, सगळे ब्लॉक तरीही एकाच सेटमध्ये येतात आणि ५१२ उमेदवारांना सोळा जागा मिळतात. मिस एकानेही कमी होत नाही. दोन-तीन ब्लॉकच आपसात भांडत असतील तिथे मात्र एक-वेवरून दोन-वेवर जाणंही मोठा फरक पाडतं.

असोसिएटिव्हिटी फुकट मिळत नाही. आठ जागांत शोधायचं तर आठही खुणा एकाच वेळी ताडून पाहाव्या लागतात. त्यात वीज जाते आणि वेळही. तरीही इंटेलने आठ-वे का निवडलं असावं, याचं एक कारण मिस-गणिताच्या बाहेरचं आहे. मेमरीची पानं ४,०९६ बाइटची असतात. एका वेचा आकार पानाएवढाच ठेवला, तर पत्त्याचं भाषांतर पूर्ण होण्याची वाट न पाहता सेट शोधायला सुरुवात करता येते. मग कॅश मोठी करायची तर वे वाढवणं हा सोपा मार्ग. २०१९ च्या आइस लेक प्रोसेसरमध्ये इंटेलने ही कॅश ४८ किलोबाइटची केली तेव्हा सेट ६४ च राहिले आणि वे आठाचे बारा झाले.

आता तक्ता १०२४ बाय १०२४ चा करून पाहावा. एका रकान्याला १,०२४ ब्लॉक हवेत, म्हणजे ६४ किलोबाइट. सेट नसलेली कॅशसुद्धा प्रत्येक वाचनाला हुकते, म्हणून कॉन्फ्लिक्टची मिस शून्य आणि कम्पल्सरी वगळता बाकी सगळ्या कपॅसिटीच्या. प्रत्यक्षात इथेही एका रकान्याचे सगळे पत्ते एकाच सेटमध्ये कोंबलेले आहेत, पण वर्गीकरणाला ते दिसत नाही. कमी पडलेल्या जागेचं कारण आधी नोंदलं जातं आणि दुसरं कारण त्याखाली झाकलं जातं. इथे नुसते जादा रकाने जोडून भागत नाही. तक्त्याचे तुकडे पाडावे लागतात: २५६ ओळी आणि आठ रकाने एवढाच भाग आधी संपवायचा, मग पुढचा. आणि तुकडे पाडल्यावर झाकलेला कॉन्फ्लिक्ट वर येतो, म्हणून जादा रकानेही लागतातच.

याहून विचित्र गोष्ट म्हणजे कॉन्फ्लिक्टचा आकडा उणेही येऊ शकतो. चार जागांची कॅश आणि ०, १, २, ३, ४ हे पाच ब्लॉक पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने मागितले जाताहेत, असं धरावं. कुठेही बसू देणारी कॅश नेहमी सगळ्यात जुना ब्लॉक काढते आणि नेमका तोच पुढे लागणार असतो. दर फेरीला पाच मिस. एक-वे कॅशमध्ये मात्र भांडण फक्त ० आणि ४ यांच्यात. १, २, ३ निवांत बसून राहतात. दर फेरीला दोन मिस. दोनातून पाच वजा केले की उणे तीन. दोष आहे तो जुन्याला आधी काढण्याच्या नियमात, पण वजाबाकी तो कॉन्फ्लिक्टच्या खात्यात मांडते.

हे सगळं घरच्या लिनक्स संगणकावर पडताळता येतं. व्हॅलग्रिंडमधलं कॅशग्रिंड हे साधन हवी ती कॅश मानून प्रोग्रॅम चालवतं; कॅशचा आकार, वे आणि ब्लॉक एवढं सांगायचं:

```
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes --D1=32768,8,64 ./a.out
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes --D1=32768,512,64 ./a.out
```

दुसऱ्या आज्ञेत वे ५१२, म्हणजे सेट एकच. दोन्ही उत्तरांतला फरक तो कॉन्फ्लिक्ट. प्रोग्रॅम सुरू होतानाच्या काही मिसही आकड्यात मिसळतील, तेवढं गृहीत धरावं. बेरजेचं उत्तर शेवटी छापावं आणि संकलन `-O2` लावून करावं. ते न लावल्यास `i`, `j` आणि `sum` मेमरीत राहून कॅशची एक जागा अडवतात, रकान्याला ५११ च जागा उरतात आणि दुसरी आज्ञाही जवळपास प्रत्येक वाचनाला मिस दाखवते.