कुठे वाहतो, कुठे फुटतो

जमिनीखालचा शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब घटतो आणि त्यात विरघळलेली वाफ सोड्याच्या बाटलीतल्यासारखी बुडबुडे होऊन सुटते. पुढचं बरंचसं सिलिकावर ठरतं. हवाईच्या किलाउआत ती सुमारे ५० टक्के. रस पातळ, वायू सहज निसटतात, लाव्हा वाहत राहतो. (आपल्या सह्याद्रीचे काळे थरही अशाच पातळ लाव्हाचे.) फिलिपिन्समधल्या पिनाटुबोत मात्र सिलिका सुमारे ६५ टक्के होती. घट्ट रसात बुडबुडे अडकले, फुगत गेले आणि १५ जून १९९१ रोजी त्या रसाचाच भुगा झाला. राख सुमारे ३५ किलोमीटर उंच उडाली. एप्रिलपासूनच डोंगर वाफ ओकत होता, म्हणून हजारोंना वेळेत हलवता आलं.