कोंबडीला दिलेले औषध माणसाच्या आजारात का चालेनासे होते?

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांचा कोंबड्यांशी रोजचा संबंध येतो. कुणी गावाकडे पाचशे पक्ष्यांची शेड चालवतो, कुणी दुसऱ्याच्या शेडवर मजुरीला जातो, कुणी रात्री पक्षी पकडून गाडीत भरतो, कुणी चिकनच्या दुकानात कापायला उभा राहतो. म्हणून या वेळी आम्ही शेडमधल्या एका सवयीबद्दल लिहीत आहोत. ती सवय म्हणजे पक्षी शिंकला की लगेच पाण्यात अँटिबायोटिकची पावडर टाकणे.

अँटिबायोटिक औषधे फक्त जिवाणूंना मारतात. विषाणूंवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. कोंबड्यांचा मानमोडी रोग, ज्याला राणीखेत म्हणतात, तो विषाणूचा आहे. त्यावर उपाय म्हणजे वेळेवर दिलेली लस. पक्ष्यांच्या शिंका पुष्कळदा याहूनही साध्या कारणाने येतात. खाली अंथरलेला तूस ओला होतो, विष्ठा कुजते आणि अमोनियाचा वास पक्ष्यांच्या नाकाडोळ्यांत जातो.

समजा एका शेडमध्ये पाचशे पिल्ले आहेत. अठराव्या दिवशी सकाळी काही पक्षी शिंकताना दिसतात. दुकानदार सांगतो, "ही पावडर टाका, उद्या बरे होतील." अशा वेळी आधी काय पाहावे? शेडमध्ये जाऊन पक्ष्यांच्या उंचीला खाली बसावे. उभ्याने जो वास जाणवत नाही, तो खाली बसल्यावर डोळ्यांना झोंबतो. मग मूठभर तूस दाबून पाहावा. त्याचा गोळा झाला आणि तो सुटेना, तर ओल जास्त आहे. रात्री थंडीच्या भीतीने पडदे पूर्ण बंद ठेवले होते का, पाण्याचे भांडे कुठे गळते का, लस कोणत्या दिवशी दिली, हे तपासावे. काल पक्ष्यांनी खाद्य किती खाल्ले, पाणी किती प्यायले आणि किती मेले, हे वहीत लिहावे. खाद्य-पाणी नेहमीसारखे असेल आणि मर वाढलेली नसेल, तर ओला तूस काढून कोरडा टाकावा, पडदे वरच्या बाजूने उघडे ठेवावेत आणि एक-दोन दिवस नजर ठेवावी. दोष हवेचा असेल तर शिंका अशाच कमी होतात, औषध लागत नाही.

मात्र पक्षी घरघर करू लागले, पिसे फुगवून कोपऱ्यात बसले, खाद्य घटले आणि रोज मेलेल्यांचा आकडा वाढत गेला, तर वेळ घालवू नये. नुकताच मेलेला पक्षी पशुवैद्यकाकडे न्यावा. शवविच्छेदनात काळजावर आणि यकृतावर पांढरट-पिवळा पापुद्रा दिसला, तर बहुधा ई. कोलाय हा जिवाणू आत शिरलेला असतो. तेव्हा अँटिबायोटिकची खरी गरज असते. कोणते औषध लागू पडेल याची तपासणी प्रयोगशाळेत होते. पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. एकाएकी खूप पक्षी मेले तर मात्र त्यांना उघड्या हातांनी शिवू नये आणि कुठे नेऊही नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तात्काळ कळवावे, कारण तो बर्ड फ्लूही असू शकतो.

औषध द्यायचे ठरले तर ते वजनावर मोजून द्यावे लागते. अठरा दिवसांचा ब्रॉयलर साधारण 800 ग्रॅमचा धरला, तर पाचशे पक्ष्यांचे वजन 400 किलो झाले. डॉक्टरांनी किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम सांगितले असेल, तर दिवसाला 4 ग्रॅम मूळ औषध लागेल. "पिंपाला एक झाकण" अशा अंदाजाने हे जमत नाही. मात्रा कमी पडली की कमजोर जिवाणू मरतात आणि चिवट जिवाणू उरतात. पुढे त्यांचीच वीण वाढते. शिंका थांबल्या म्हणून दुसऱ्याच दिवशी औषध बंद करू नये. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.

आता हे माणसापर्यंत कसे येते ते पाहू. कोलिस्टिन नावाचे जुने औषध आहे. त्याने मूत्रपिंडाला इजा होते म्हणून माणसांसाठी ते जवळजवळ बाजूला पडले होते. पुढे दुसरी औषधे चालेनाशी झाली, तेव्हा अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना वाचवण्यासाठी डॉक्टरांना पुन्हा त्याचाच आधार घ्यावा लागला. इकडे तेच कोलिस्टिन अनेक देशांत जनावरांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात थोडे थोडे मिसळले जात होते. 2015 मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांना डुकरांत, कच्च्या मांसात आणि रुग्णांतही कोलिस्टिनला न जुमानणारे जिवाणू सापडले. ती ताकद देणारा जनुक एका सुट्या गोल तुकड्यावर होता. परीक्षेत एका बाकावरची चिठ्ठी नक्कल होऊन दुसऱ्या बाकावर जावी, तसा हा तुकडा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो. कोंबडीच्या पोटातला जिवाणू आपल्या पोटात फार काळ टिकला नाही, तरी त्याची चिठ्ठी आपल्या जिवाणूंच्या हाती राहू शकते.

ही चिठ्ठी विष्ठेतून बाहेर पडते. शेड झाडणाऱ्याच्या हाताला ती लागते. कोंबडी खतातून ती भाजीच्या वाफ्यात जाते, धुतलेल्या पाण्यातून नाल्यात जाते, दुकानातल्या सुरीवर आणि फळीवर राहते. असा जिवाणू पोटात गुपचूप राहतो, तेव्हा काहीच त्रास होत नाही. पुढे कधी लघवीच्या जागी किंवा ऑपरेशनच्या जखमेत संसर्ग झाला, की नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. मग महागडी इंजेक्शने आणि दवाखान्यातले जास्तीचे दिवस आले. हातावर पोट असलेल्या घराला हा खर्च कर्जात ढकलतो.

भारत सरकारने जुलै 2019 मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. चीनने 2017 मध्ये ते वाढीसाठी खाद्यात मिसळणे बंद केले होते. त्यानंतरच्या तपासण्यांत डुकरांत आणि माणसांतही असे जिवाणू कमी झालेले आढळले. म्हणजे विनाकारण वापर थांबवला, तर फरक पडतो.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. औषध दिल्यावर ठरावीक दिवस पक्षी विकायचा नसतो. ते दिवस पाकिटावर छापलेले असतात. ज्या औषधाचा काळ वेगळा ठरलेला नाही, त्यासाठी नियमाप्रमाणे मांसाला किमान 28 दिवस आणि अंड्यांना 7 दिवस धरतात. तेवढे थांबल्याने मांसातला औषधाचा अंश निघून जातो. पण चिवट झालेले जिवाणू तेवढ्याने जात नाहीत. त्यांना रोखण्याचा खरा मार्ग म्हणजे नको तेव्हा औषध न देणे.

नीट शिजवलेले चिकन खायला भीती नाही, कारण शिजवल्याने जिवाणू मरतात. जपायचे ते कच्च्या मांसाला. ते नळाखाली धरून धुऊ नये, शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. त्याच सुरीने, त्याच फळीवर कांदा-कोथिंबीर चिरू नये. हात साबणाने धुवावेत. शेडवर किंवा दुकानात काम करणाऱ्यांनी कामाचे कपडे आणि चपला घरात आणू नयेत, लहान मुलांना जवळ घेण्याआधी हातपाय धुवावेत. आणि आपल्याला ताप किंवा जुलाब झाले, तर शेडमधले औषध माणसाने घेऊ नये. दवाखान्यात गेल्यावर आपण कोंबड्यांत काम करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. औषध निवडताना त्यांना त्याचा उपयोग होतो.