दहा डॉलरची लस आणि तीन टक्क्यांचा दर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस भारतात परवडेल का, याचा हिशेब मांडणारा एक महत्त्वाचा शोधनिबंध २००८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आला. मिरेया डियाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ७० टक्के मुलींना वयात येण्यापूर्वी लस दिली, तर या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका सरासरी ४४ टक्क्यांनी कमी होईल आणि लसीला पुढे आयुष्यात तीन वेळा तपासणीची जोड दिली, तर हा खर्च देशाला किफायतशीर ठरेल, असा त्याचा निष्कर्ष. निबंधाचा सारांश वाचून बहुतेक जण इथेच थांबतात. पण हा निष्कर्ष एका अटीवर उभा आहे: एका मुलीच्या लसीकरणाचा खर्च दहा आंतरराष्ट्रीय डॉलर, म्हणजे एक डोस साधारण दोन डॉलरला. त्या काळी अमेरिकेत याच लसीचा एक डोस १२० डॉलरच्या आसपास मिळत होता आणि डोस तीन लागत होते.

लेखकांनी हे लपवलेले नाही. ‘लस स्वस्त मिळाली तर’ ही अट त्यांनी निष्कर्षातच घातली आहे. अडचण पुढे येते. निष्कर्ष बातमीत, भाषणात, सरकारी टिपणात जातो आणि अट मागे राहते. म्हणून असा निबंध हाती आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही. कोणत्या वस्तूची किंमत किती धरली आहे, तो तक्ता उघडतो.

हे आकडे एकमेकांना कसे ढकलतात ते कळण्यासाठी एक लहान हिशेब करू. यातले आकडे समजण्यापुरते गृहीत धरलेले आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या दहा वर्षांच्या एक हजार मुलींना लस दिली. त्यामुळे पुढे सहा जणींचा मृत्यू टळला आणि प्रत्येकीला वीस वर्षांचे आयुष्य मिळाले. एकूण १२० वर्षे. पण ही वर्षे मिळणार सरासरी पन्नास वर्षांनी. खर्च मात्र आज, रोख.

इथे वटावदर येतो. आजच्या आणि उद्याच्या लाभाचे मोल सारखे धरायचे नाही, असे अर्थशास्त्र मानते. आज हातातला पैसा इतरत्र गुंतवता येतो, हे त्याचे एक मुख्य कारण. भारतात आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणारी सरकारी यंत्रणा, एचटीएआयएन, वर्षाला तीन टक्के दर वापरते. डियाझ यांच्यासारख्या आंतरराष्ट्रीय निबंधांतही बहुधा तोच असतो. तीन टक्क्यांनी पन्नास वर्षांपुढच्या एका वर्षाचे आजचे मोल उरते सुमारे ०.२३. आपली १२० वर्षे २७ होतात. पाच टक्के धरले, तर जेमतेम साडेदहा. मुली त्याच, लस तीच, वाचलेले जीवही तेच.

पस्तिशीतल्या बाईची तपासणी केली, तर तिचा लाभ वीसएक वर्षांत दिसतो. तीन टक्क्यांनी वीस वर्षांपुढच्या वर्षाचे मोल ०.५५ असते. म्हणजे वटावदर चढला की लस तपासणीपेक्षा जास्त वेगाने मागे पडते. दोन्हींची तुलना करणाऱ्या निबंधात दर बदलला की क्रमही बदलू शकतो. लाभाला आणि खर्चाला एकच दर लावला आहे का, आणि दर शून्य ते पाच टक्के बदलून निकाल दाखवला आहे का, हे पाहावेच. लसीच्या निबंधात ते दाखवले नसेल, तर मी तो निबंध अपुरा समजतो.

आता खर्चाची बाजू. डोस, सुई, शीतसाखळी, परिचारिकेचा वेळ असे सारे मिळून मुलीमागे ५०० रुपये धरले, तर हजार मुलींचे पाच लाख होतात. तीन टक्के दराने आयुष्याचे एक वर्ष सुमारे १८ हजार रुपयांना पडते. मुलीमागे ४,००० रुपये लागले, तर तेच वर्ष एक लाख ४६ हजारांना.

हे महाग की स्वस्त, हे ठरवायला उंबरठा लागतो: आयुष्याच्या एका निरोगी वर्षासाठी समाज किती मोजायला तयार आहे, तो आकडा. अनेक वर्षे निबंधलेखक देशाच्या दरडोई उत्पन्नाची एक ते तीन पट वापरत आले. या प्रथेचा उगम २००१ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगात आहे. पण संघटनेच्याच तज्ज्ञांनी २०१६ साली बजावले की निर्णयासाठी एवढा एकच निकष वापरू नये. मला ही सूचना फार महत्त्वाची वाटते. दरडोई उत्पन्न देशाची कमाई सांगते. आरोग्य खात्याच्या तिजोरीत किती आहे आणि हा पैसा इथे घातल्यावर कोणते दुसरे उपचार बंद पडतील, हे सांगत नाही.

आपल्या हिशेबात उंबरठा ढोबळमानाने दोन लाख रुपये धरला, तर चार हजारांची लस तीन टक्क्यांना उत्तीर्ण होते. पाच टक्क्यांना मात्र आयुष्याचे एक वर्ष तीन लाख ८० हजारांवर जाते आणि ती नापास होते. उंबरठा निम्म्यावर, म्हणजे एक लाखावर आणला, तर ती तीन टक्क्यांनाही नापास. पाचशेची लस प्रत्येक वेळी उत्तीर्ण होते. दुसऱ्या प्रकारच्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो, पहिल्यावर नाही. डियाझ यांच्या निबंधात उंबरठा दरडोई उत्पन्नाइतका, म्हणजे ३,४५२ आंतरराष्ट्रीय डॉलर होता. हे डॉलर स्थानिक खरेदीशक्तीवर बेतलेले असतात. परिचारिकेचा पगार त्यांत मोजणे ठीक. आयात लसीचे बिल मात्र खऱ्या डॉलरमध्ये चुकते करावे लागते, आणि त्या वेळी भारताचे दरडोई उत्पन्न खऱ्या डॉलरमध्ये या आकड्याच्या बरेच खाली होते.

मग संवेदनशीलता विश्लेषण. एकेक गृहीतक वरखाली करून निकाल किती हलतो ते दाखवतात. आकृतीत सर्वांत लांब पट्टी वर, आखूड पट्ट्या खाली. वाचणारा लांब पट्टीकडे बघतो. मी आखूड पट्ट्यांकडेही बघायला सांगेन, कारण पट्टीची लांबी लेखकाने किती अंतर निवडले यावरही ठरते. लसीची किंमत दहा टक्केच हलवली, तर पट्टी आखूडच दिसणार. बाजारात किंमत दसपट बदलत असेल, तर त्या पट्टीला अर्थ उरत नाही.

किंमत उतरली की दुसरेच गृहीतक वर येते. सुरगाणा, पेठसारख्या आदिवासी तालुक्यांतल्या पाड्यांवर पोहोचायला मुलीमागे ३०० रुपये जास्त लागले, असे समजा. चार हजारांच्या लसीत ही वाढ साडेसात टक्के. पाचशेच्या लसीत ६० टक्के. तरीही निबंधांत पोहोचवण्याचा खर्च पुष्कळदा शहरी केंद्रावरून घेतलेला असतो. जिल्हा परिषदेला निर्णय घ्यायचा असेल, तर तिने हा खर्च स्वतः मोजायला हवा.

कधी कधी विज्ञानच गृहीतक बदलते. २००९ साली सुरू झालेली लसीची एक भारतीय चाचणी २०१० साली सरकारी आदेशाने थांबली आणि बऱ्याच मुलींना एकच डोस मिळून राहिला. बार्शी आणि पुणे ही तिच्या केंद्रांपैकी होती. या मुलींचा माग काढत राहिल्यावर दहा वर्षांनी एका डोसचेही संरक्षण दीर्घकालीन संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या घरात दिसले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला परवानगी मिळाली. तीन डोस गृहीत धरणारा जुना निबंध आज वाचताना लसीच्या खर्चाची रक्कम एक तृतीयांश करून हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

उंबरठ्याच्या आत येणे म्हणजे परवडणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ६१ लाखांवर होती. एका वयाच्या मुली साधारण पन्नास हजार धरल्या, तर पाचशे रुपयांनी दर वर्षी अडीच कोटी लागतील, चार हजारांनी वीस कोटी. म्हणून पुढच्या वेळी ‘किफायतशीर’ असे वाचाल, तेव्हा लेखकांना एवढे विचारा: किती किमतीच्या पुढे हे उत्तर ‘नाही’ होते? आपल्या हिशेबात ती मर्यादा दोन लाखांच्या उंबरठ्यावर, तीन टक्क्यांना मुलीमागे सुमारे ५,५०० रुपये आणि पाच टक्क्यांना सुमारे २,१०० रुपये येते.