जपानच्या दुकानात एकाच दुधाचे दोनदा पैसे जाऊ नयेत म्हणून

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, उलव्यात बसून जपानच्या दुकानाचं काय करायचं? पण आपल्या गटातल्या एक ताई लेकीच्या बाळंतपणासाठी टोकियोला निघाल्या आहेत. लेक-जावई राहतात निशी-कासाई भागात. तिथे भारतीय कुटुंबांची बरीच वस्ती आहे, त्यात मराठीही पुष्कळ. २०१९ साली तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनसुद्धा आले. तेव्हा माणसं आपली भेटतील. पण जावई कामावर, लेक बाळंतीण, आणि घरातलं दूध संपलं, की खालच्या दुकानात ताईंनाच जायचं आहे.

हे दुकान म्हणजे तिथलं ‘कोंबिनी’. सेव्हन-इलेव्हन, फॅमिली मार्ट, लॉसन अशी त्यांची नावं. लहानसं दुकान, दूध-पावापासून छत्रीपर्यंत सगळं मिळतं. लेकीने आईसाठी ‘सुइका’ नावाचं कार्ड काढून ठेवलंय. हे मूळचं रेल्वेचं कार्ड, २००१ साली सुरू झालेलं. आधी पैसे भरून ठेवायचे आणि मग गाडीतही वापरायचं, दुकानातही. आपला यूपीआय तिथल्या गल्ल्यावर चालेल असं धरून मात्र जायचं नाही.

आता गल्ल्यावर काय होतं ते बघू. सेव्हन-इलेव्हनमध्ये बऱ्याच ठिकाणी दुकानातली बाई वस्तू मशीनला दाखवून रक्कम काढते आणि पैसे कशाने देणार ते आपल्याला समोरच्या पडद्यावर बोट लावून निवडावं लागतं. दुसऱ्या दुकानांत ते तोंडाने सांगावं लागतं. ‘सुइका दे’ एवढं म्हटलं तरी पुरतं, म्हणजे ‘सुइकाने देते’.

पडद्यावरची बटणं दुकानागणिक पुढेमागे असतात, पण चार शब्दांची चित्रं ओळखता आली की काम होतं. `現金` म्हणजे रोख. `クレジット` म्हणजे क्रेडिट कार्ड. `バーコード` म्हणजे फोनवर पट्ट्यापट्ट्यांचा कोड दाखवून पैसे देणं, तिथे ‘पेपे’ नावाचं ॲप त्यासाठी फार चालतं. आणि `交通系` म्हणजे रेल्वेच्या जातीची कार्डं. आपली सुइका यात येते. ताईंनी हा शेवटचा शब्द कागदावर मोठा लिहून पाकिटात ठेवलाय. उत्तम केलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मशीन आपल्याला ‘हातात काय आहे’ हे विचारत नाही, ‘पैसे कुठल्या डब्यातून काढू’ हे विचारतं. लेकीच्या एकाच फोनमध्ये सुइकाही असते, क्रेडिट कार्डही असतं आणि पेपेही. फोन तोच, डबे तीन. काही कार्डंही अशी असतात की प्लास्टिक एक, पण त्यात क्रेडिटचा डबा वेगळा आणि सुइकाचा वेगळा. म्हणून लेकीचा फोन घेऊन गेलात तर ‘कुठल्या डब्यातले देऊ?’ हे घरातून निघतानाच विचारा. साध्या सुइका कार्डात डबा एकच, म्हणून आईच्या हातात तेच बरं, असं माझं मत.

बटण चुकलं म्हणून पैसे जात नाहीत. क्रेडिटचं बटण दाबलं आणि सुइका टेकवली, तर मशीन नुसतं घेत नाही. मागे जायचं बटण दाबायचं, नाहीतर दुकानातल्या बाईला कार्ड दाखवायचं, ती नीट करून देते. दोनदा पैसे जातात ते वेगळ्याच ठिकाणी.

सुइकातली शिल्लक कार्डातल्या चिपमध्येच लिहिलेली असते. कार्ड टेकवलं की मशीन जुनी शिल्लक वाचतं, रक्कम वजा करून नवी लिहितं आणि लिहिली गेली याची खात्री करून घेतं. हे निमिषात होतं. पण तेवढ्यात आपण कार्ड उचललं, तर वजाबाकी झालेली असू शकते आणि मशीनला मात्र ते कळलेलं नसतं. तेव्हा पडद्यावर येतं `処理未了`, म्हणजे काम अर्धवट. बायका इथेच गडबडतात. मागे रांग असते, कार्ड चाललं नाही असं वाटतं आणि पटकन पर्समधून नोटा काढून दिल्या जातात. कार्डातून गेले असतील तर झाले की नाही दोनदा?

अशा वेळी तेच कार्ड त्याच मशीनवर परत टेकवायचं आणि मोठा आवाज होऊन पडदा बदलेपर्यंत उचलायचं नाही. दुकानातली बाईही ‘मोऊ इचिदो’ म्हणेल, म्हणजे ‘पुन्हा एकदा’. परत टेकवलं तर परत कापेल, ही भीती इथे नको. मशीन कार्ड वाचून आधीची वजाबाकी झाली का ते बघतं. झाली असेल तर तीच धरतं, नसेल तर आता करतं. दुसरं कार्ड किंवा रोख दिली तर मात्र ही पडताळणी होतच नाही.

एक हिशोब करून बघू. ताईंच्या कार्डात २,३५० येन आहेत. दूध, पाव, केळी मिळून ६४८ येन झाले. कार्ड टेकवलं, लवकर उचललं, अर्धवटचा शब्द आला आणि परत टेकवेपर्यंत मशीनने तो व्यवहार सोडून दिला. आता काय? पैसे द्यायच्या आधी शिल्लक विचारायची. त्यांच्या भाषेत शिल्लक म्हणजे ‘झानदाका’, पडद्यावर `残高`. कार्ड पुढे करून ‘झानदाका’ म्हटलं की बाई तपासून देते. १,७०२ दिसले तर ६४८ गेलेले आहेत, रोख द्यायची नाही. २,३५० दिसले तर काही गेलेलं नाही, खुशाल रोख द्या. म्हणून घरून निघताना शिल्लक माहीत हवी. प्रत्येक पावतीवर ती छापलेली असते, तेव्हा मागची पावती पाकिटात ठेवावी.

`残高不足` हा शब्द आला तर प्रकरण निराळं. शिल्लक अपुरी आहे, म्हणून मशीनने काही कापलेलंच नाही. इथे रोख दिली तरी चालतं. दोन्ही शब्दांना आवाज नापसंतीचाच येतो, म्हणून आवाजावर जाऊ नका, पडद्यावरचा शब्द बघा.

फोनवरच्या पेपेचं मात्र वेगळं. तिथे शिल्लक फोनच्या चिपमध्ये नसून कंपनीकडे असते. नेटवर्क अडकलं की दुकानात ‘झालं नाही’ दिसतं आणि खात्यातून पैसे गेलेले असू शकतात. आपल्याकडे भाजीवाल्याला स्कॅन करताना होतं तसंच. तिथे पुन्हा कोड दाखवण्याआधी ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत ती रक्कम आली का ते बघायचं. आली असेल तर तीच दुकानदाराला दाखवायची.

आपल्याकडे यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि त्याला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. जपानात हा नियम लागू नाही. दोनदा गेलेच, तर तेच कार्ड आणि पावत्या घेऊन त्याच दुकानात जायचं, शक्यतो त्याच दिवशी आणि लेकीला फोनवर धरून. पावती नसेल तर रेल्वे स्टेशनवरच्या तिकीट मशीनमध्ये कार्ड घालून मागचे व्यवहार बघता येतात. दुकानातली खरेदी तिथे `物販` या शब्दापुढे दिसते, शेजारी त्या वेळची शिल्लक. ताईंनी हा शब्दही कागदावर लिहून घेतलाय, `交通系`च्या खाली.